कुबट वासाची पुस्तकं: आधी ओल घालवा, मग वास

दसऱ्याच्या आसपास आत्याचा फोन आला. "अरे, माजघरातल्या फडताळातली पुस्तकं घेऊन जातोस का? नाहीतर रद्दीवाल्याला देते. दार उघडलं की नाकाला पदर लावावा लागतो."

आत्याचा वाडा जुन्या नाशकात, रविवार कारंजाच्या मागच्या बाजूला. मातीच्या दोन हात रुंद भिंती आणि त्या भिंतीतच कोरलेलं लाकडी दारांचं फडताळ. उन्हाळ्यात अशी भिंत गारवा देते. पावसाळ्यात मात्र तीच भिंत चार महिने पाणी पिते आणि फडताळातल्या कागदाला पाजते. त्यात चौदा पुस्तकं होती: दिवाळी अंकांचे कापडी बांधणीचे तीन जाडजूड खंड, एक शब्दकोश, मामांना शाळेत मिळालेली बक्षिसाची पुस्तकं आणि लाल रुमालात बांधलेली एक पोथी. ही पुस्तकं घरी आणून वास कसा काढला, ते पायरीपायरीने सांगतो. हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यामुळे माझ्या जुन्या चुकाही येतील.

वास कशाचा, ते आधी ओळखा

जुन्या पुस्तकाचे वास दोन तऱ्हेचे असतात. पहिला कागद म्हातारा होण्याचा. स्वस्त कागदातलं लाकडाचं द्रव्य हळूहळू विघटित होतं, त्यातून किंचित गोडसर, किंचित आंबूस असा वास सुटतो. बऱ्याच जणांना तो आवडतो. हा वास पूर्ण जात नाही, कारण तो कागदातच रोज नव्याने तयार होत असतो.

दुसरा वास कुबट. भिजलेलं पोतं कोपऱ्यात पडून राहिल्यासारखा, माती-मशरूमसारखा. हा बुरशीचा. डोळ्याला काही दिसत नसलं तरी हा वास आला म्हणजे त्या पुस्तकावर, निदान त्याच्या शेजारी, बुरशी वाढून गेली आहे किंवा अजून वाढते आहे असं धरून चाला. कापडी बांधणीची पुस्तकं आधी बिघडतात, कारण बाइंडरने पुठ्ठा डकवायला वापरलेली खळ पिठाची असते आणि बुरशीला पीठ आवडतं. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकत ते याचसाठी. मोरचूद विषारी असतं, म्हणून खळ सुटलेलं जुनं पुस्तक हाताळल्यावर हात धुवा आणि पान उलटताना बोट जिभेला लावू नका.

आता बुरशी जिवंत आहे की झोपलेली, ते बघायचं. आधी एन-९५ मास्क लावा, साधा रुमाल चालत नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाने या कामापासून लांबच राहावं. पुस्तक गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. पुठ्ठ्यावरचा डाग कोरड्या मऊ ब्रशच्या टोकाने अगदी हलकेच हलवा. भुकटीसारखा उडाला तर बुरशी कोरडी, झोपलेली आहे. ओलसर, लवदार असेल आणि ब्रशबरोबर फरफटून पसरला, तर जिवंत आहे. जिवंत असेल तर तिथेच थांबा, पुसू नका. पुसलं की ती कापडाच्या विणीत घुसते आणि डाग कायमचा होतो. आधी वाळवायचं, मग झाडायचं.

आत्याच्या चौदापैकी दोन पुस्तकांवर हिरवट लव होती. ती दोन मी वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून बाजूला काढली. प्लॅस्टिकची पिशवी घेतली असती तर आत घाम धरून रात्रीत लव दुप्पट झाली असती.

वाळवणं: सगळ्यात जास्त दिवस याला द्या

नवख्यांची चूक नेमकी इथे होते, आणि माझीही झाली होती. वास येतो म्हणून लोक सरळ वासावर उपाय करायला धावतात. ओलसर पुस्तक सोडा किंवा कोळसा घालून डब्यात बंद करतात, आठवड्याने उघडतात तर वास वाढलेला असतो. ओलं पुस्तक बंद डब्यात ठेवणं म्हणजे बुरशीला पाहुणचार. हवेतली आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. ती ६० च्या खाली आणली की वाढ थांबते. बुरशी मरत नाही, निपचित पडते. पण आपल्या कामापुरतं तेवढं पुरतं.

म्हणून हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढूच नका. नाशकात तेव्हा खोलीतली हवाच इतकी दमट असते की पंख्याखाली ठेवलेलं पुस्तक वाळण्याऐवजी आणखी पाणी ओढून घेतं. परतीचा पाऊस सरला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की आपला मोसम लागतो, तो थेट थंडीभर टिकतो. मार्च-एप्रिलची दुपार मी टाळतो. तेव्हा हवा इतकी रखरखीत होते की जुन्या चामड्याच्या पाठीला तडे जातात आणि पिवळी पडलेली पानं कोपऱ्यात मोडतात. नोव्हेंबर सगळ्यात बरा.

हवेतली आर्द्रता मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या. चार-पाचशे रुपयांत मिळतो. स्वस्त यंत्र चार-आठ टक्के इकडेतिकडे दाखवतं, पण त्याची परीक्षा घरच्या मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या आणि त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझा ८० दाखवायचा, म्हणून मी त्याच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करतो. एवढं केलं की त्या यंत्रावर भरवसा ठेवता येतो.

आता खोली. ऊन थेट येत नाही अशी, खिडकी उघडी, छताचा पंखा सर्वांत हळू. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड भिंतीकडे करा. वारा खोलीत फिरायला हवा, पानांवर फडफडायला नको. पातळ पुस्तकं पाठ मागे ठेवून उभी करा, पुठ्ठे सत्तर-ऐंशी अंशांत उघडा आणि पानं आपोआप जेवढी सुटतील तेवढीच सुटू द्या. पुस्तक गुडघ्यावर उपडं टेकवल्यासारखं पसरायचं नाही, त्याने पाठीची शिवण ताणली जाते. रोज एकदा पुस्तक खालचं वर करा, नाहीतर खालची कड शेवटपर्यंत ओलसर राहते.

जाड, वजनदार खंड उभे करू नका. पानांचं ओझं पाठीवर लटकतं आणि सैल झालेली शिवण निखळते. ते आडवे ठेवायचे आणि दर पंचवीस-तीस पानांनंतर पांढरा टिपकागद किंवा छापलेला नसलेला कोरा न्यूजप्रिंट घालायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई दमट पानावर उतरते. हे कागद कडेपर्यंत बाहेर आलेले हवेत, म्हणजे ओल बाहेर निघायला वाट मिळते. पण मोह आवरा. घातलेल्या कागदांची एकूण जाडी पुस्तकाच्या जाडीच्या पाव पटीपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर पाठ फाकते आणि नंतर पुस्तक मिटत नाही. कागद रोज बदला. काढलेले कागद वाळवून परत वापरता येतात.

चकचकीत, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. त्या कागदावरचा लेप ओला झाला की डिंकासारखा वागतो, आणि ओढलं की छापलेला मजकूर शेजारच्या पानावर जातो. अशी पानं चिकटलेलीच राहू द्या.

वाळलं हे कसं कळायचं

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. पुस्तकाच्या पोटातली ओल हाताला कळत नाही. मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वापरतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी ठरावीक वेळी, मध्ये घातलेले कागद काढून, पुस्तक काट्यावर ठेवायचं आणि आकडा पेन्सिलीने वहीत टिपायचा. कागद हवेतली ओल सतत घेतो-सोडतो, म्हणून वेळ बदलायची नाही.

आत्याच्या दिवाळी अंकांच्या पहिल्या खंडाचा हिशेब वहीतून देतो. आणला त्या दिवशी १,१४२ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी १,१२८, मग १,११७, १,१०९, १,१०४, १,१०१. सातव्या सकाळी १,१००, आठव्या सकाळीही १,१००. सलग दोन दिवस काटा एखाद-दुसऱ्या ग्रॅमच्या आत स्थिर राहिला की पुस्तक खोलीच्या हवेशी बरोबरीला आलं असं समजायचं. खोलीत तेव्हा आर्द्रता ४५ च्या आसपास होती. फरक ४२ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तीन मोठे चमचे पाणी, हाताला कोरड्या लागणाऱ्या एका पुस्तकातून. आत्याला वही दाखवली तर म्हणाली, "एवढं पाणी त्या फडताळाने पाजलं? आणि मी दरवर्षी त्यात डांबरगोळ्या टाकतेय!"

एक गोष्ट लक्षात ठेवा. काटा स्थिर झाला, पण खोलीतलीच आर्द्रता ७० असेल, तर त्याला वाळणं म्हणत नाहीत. दोन्ही आकडे एकत्र बघायचे.

वाळताना पुठ्ठा थोडा वाकतो. वजन स्थिर झाल्यावर पुस्तक मिटून, खाली-वर कोरा कागद घालून, जेवायला बसायच्या दोन लाकडी पाटांमध्ये ठेवा आणि वर फडक्यात गुंडाळलेली वीट. दोन-तीन दिवसांत बराचसा सरळ होतो. ओलं असताना दाबू नका, मग आतली ओल आतच कोंडते.

झाडणं

पुस्तक वाळलं की बुरशीची भुकटी आणि धूळ काढायची. वासाचा मोठा हिस्सा त्या भुकटीतच असतो, त्यामुळे ही पायरी गाळली तर पुढचा कोळसा पुरा पडत नाही. हे काम घरात करायचं नाही. गच्चीवर, वारा आपल्या पाठीकडून येईल असं बसून, मास्क आणि हातमोजे घालून करायचं. नंतर कपडे वेगळे धुवायचे.

ब्रश नवा, मऊ केसांचा, दोन बोटं रुंद. रंगकामाचा राठ ब्रश कापडाचे धागे उचकटतो. पुस्तक मिटून घट्ट धरा आणि आधी वरची कड झाडा, कारण वर्षानुवर्षांची धूळ तिथेच बसलेली असते. फटकारे पाठीकडून बाहेर, म्हणजे धूळ पाठीच्या पोकळीत शिरत नाही. मग बाकीच्या दोन कडा, मग पुठ्ठे. शेवटी पुस्तक उघडून आतल्या पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांच्या शिवणीची घडी. बुरशी लपायची जागा तीच. नंतर दर दहा-बारा पानांनंतर घडीत एकदा हलका हात फिरवायचा.

तपकिरी ठिपके दिसले तर त्यांच्या मागे लागू नका. ते डाग आहेत, वास नव्हे. खोडरबराने घासलं तर कागदाची साल निघते. ओल्या फडक्याचं तर नावच काढू नका. बक्षिसाच्या पुस्तकांत मुखपृष्ठाच्या आत शाईच्या पेनाने लिहिलेलं मामांचं नाव, इयत्ता आणि गुरुजींची सही होती. एक थेंब लागला असता तरी निळं तळं झालं असतं.

घरातला व्हॅक्युम क्लीनरही वापरू नका. अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर नसलेलं यंत्र पुढून बुरशी ओढतं आणि मागून खोलीभर उडवतं.

पोथीचं काम निराळं आणि सोपं. ती सुट्या पानांची असल्याने पान-पान वेगळं करून झाडता येतं. फक्त झाडायच्या आधी पानांचे क्रमांक जुळतात का ते बघा आणि हळदी-कुंकवाचे डाग तसेच ठेवा. ते पुसायला गेलो की फराटे उमटतात. पोथीचा लाल रुमाल मात्र धुऊन उन्हात वाळवला. निम्मा वास त्यातच होता.

कोळशाचा डबा

आता वासाकडे. पुस्तक कोरडं आणि झाडलेलं असेल तरच पुढे जा.

खाण्याचा सोडा सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो मुख्यतः आंबट वासांवर चालतो, कारण आम्लाशीच त्याची गाठ पडते. बुरशीच्या कुबट वासातले बरेचसे घटक आम्ल नसतात, त्यांच्यावर सोडा मंद पडतो. त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे खास प्रक्रियेने असंख्य बारीक छिद्रं पाडलेला कोळसा. फिश टँकचं सामान विकणाऱ्या दुकानात तो दाणेदार स्वरूपात मिळतो. भुकटी घेऊ नका, ती उडते आणि पानं काळी करते. दाणे पाण्याने खळखळून धुवा, काळं पाणी येईनासं झालं की उन्हात दोन दिवस कडक वाळवा. ओला कोळसा डब्यात गेला तर आठवडाभर केलेलं वाळवण वाया. शेगडीचा साधा कोळसाही थोडंफार ओढतो, पण त्याची छिद्रं कमी आणि काजळी जास्त. मी तो वापरत नाही.

डब्यासाठी माझी पसंती स्टीलच्या धान्याच्या कोठीला. तिला स्वतःचा वास नसतो. प्लॅस्टिकचा टब घेतला तर दोन दिवस उघडा ठेवून त्याचा नवा वास जाऊ द्या, नाहीतर पुस्तकाला प्लॅस्टिकचा वास लागेल. तळाशी ताटलीत कोळसा पसरायचा, पन्नास लिटरच्या कोठीत सहा-सात मध्यम पुस्तकांना पाव ते अर्धा किलो. ताटलीवर मलमलीचं फडकं ताणून बांधा. त्यावर स्टीलची जाळी आणि जाळीवर पुस्तकं. कोळसा आणि पुस्तक एकमेकांना कुठेही शिवता कामा नयेत.

पुस्तकं उभी आणि किंचित उघडी ठेवा. मिटलेल्या पुस्तकाच्या फक्त कडांचा वास जातो, पोटातला तसाच राहतो. जाड खंड आडवे ठेवून मध्ये चार-पाच ठिकाणी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या घाला, तेवढी फट पुरते. शक्य असेल तर हायग्रोमीटरही आत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याने ६० च्या वर आकडा दाखवला तर पुस्तक अजून ओलं आहे, बाहेर काढा आणि पुन्हा वाळवायला ठेवा. कोठी बाहेरच्या भिंतीला लावू नका. डिसेंबरच्या पहाटे नाशकात भिंत चांगलीच गार पडते आणि त्या बाजूला ओल धरू शकते.

आठवड्याने उघडायचं, पुस्तकं अर्धा दिवस हवेवर ठेवायची, पानं वेगळ्या ठिकाणी उघडायची आणि परत आत. बहुतेक पुस्तकांना दोन ते तीन आठवडे लागतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर कोळसा भरलेला असतो, तो बदला. घरी तापवून तो पूर्ण ताजा होत नाही.

परीक्षा अशी घ्यायची. पुस्तक एका स्वच्छ, वास नसलेल्या डब्यात रात्रभर बंद ठेवा, सकाळी झाकण उघडल्याबरोबर हुंगा. आणि नाक दुसऱ्या कुणाचं तरी वापरा. महिनाभर त्या पुस्तकांजवळ बसलेल्या माणसाच्या नाकाला तो वास कळेनासा होतो. पहिल्या खंडाच्या बाबतीत मी पंधराव्या दिवशी "झालं" म्हणून मोकळा झालो होतो. शेजारच्या काकूंनी झाकण उघडताच मान फिरवली. आणखी एक आठवडा ठेवावा लागला.

मी केलेल्या आणि सगळे करतात त्या चुका

कडक ऊन. पहिल्या वर्षी मी एक जुनं पुस्तक दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. वास कमी झाला, पण पुठ्ठा वाटीसारखा वळला आणि कापडाचा गडद निळा रंग एका बाजूने राखाडी झाला. ऊन कागद पिवळा आणि ठिसूळ करतं. आजीच्या पापडांचा नियम पुस्तकांना लागू नाही.

पानांत सोडा किंवा टाल्कम पावडर भुरभुरणं. तोही उद्योग मी केला. ती पूड शिवणीच्या घडीत इतकी घट्ट बसली की दोन वर्षांनीही पान उलटताना खाली पांढरं पडायचं. सोडा आम्लारी असतो, तो कागदावर पडून राहायला नकोच. ताटलीत ठेवलेला ठीक.

डांबरगोळ्या. आपल्याकडे घरोघरची सवय. त्या किडीला पळवतात, बुरशीच्या वासाला नाही. गोळी हवेत विरते ती कागदात जाऊन बसते, मग कुबट वासावर डांबराचा वास आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. त्यांची वाफ माणसालाही अपायकारक. कापराचं तेच, जरा सौम्यपणे. ओला कडुलिंबाचा पाला ठेवला तर पाल्याबरोबर पाणीच आत जातं. वेखंडाची कोरडी पुरचुंडी पोथीजवळ ठेवायची जुनी पद्धत किडीसाठी आहे, ती राहू द्या, पण तिच्याकडून वासाची अपेक्षा करू नका.

उदबत्ती, धूप, अत्तर, व्हिनेगर, डेटॉल, स्पिरिट, मायक्रोवेव्ह: एकही नको. धुपाची काजळी पानावर बसते, पातळ द्रव शाई आणि खळ सोडवतात, मायक्रोवेव्हमध्ये टाचणीच्या पिना ठिणग्या टाकतात. ओझोन सोडणारी यंत्रं ऑनलाइन विकली जातात आणि वास खरंच पटकन घालवतात. पण ओझोन कागदाच्या तंतूंनाही खातो, आणि बंद खोलीत आपल्या फुप्फुसांनाही.

कुठे हात लावायचा नाही

पुरात भिजलेली पुस्तकं या लेखात बसत नाहीत. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी बरंच चढलं की सराफ बाजाराच्या बाजूला घरांत-दुकानांत पाणी शिरतं हे आपल्याला माहीत आहे. अशा गाळाच्या पाण्यात बुडालेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी सुरू होते. त्याला डबा-कोळसा कामाचा नाही. हाताने लिहिलेल्या पोथ्या, हात लावताच लालसर भुकटी सोडणारी चामड्याची बांधणी, रंगीत चित्रं चिकटलेली पुस्तकं, हीही घरी करू नका. कोरड्या कागदात सैल गुंडाळा आणि जाणकाराला दाखवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं, तिथे विचारणा करता येते.

परत कुठे ठेवायची

चौदा पुस्तकं त्याच फडताळात परत ठेवली असती तर पुढच्या श्रावणात आत्याचा पुन्हा फोन आला असता. फडताळ रिकामं करून, कोरड्या फडक्याने पुसून, दारं उघडी ठेवून दोन आठवडे सुकू दिलं. हायग्रोमीटर आत ठेवला. ऑक्टोबर संपता-संपता खोलीत ४८ होते तेव्हा फडताळाच्या मागच्या भिंतीजवळ ६६ दाखवत होता. मग प्रश्नच मिटला. फडताळात आता पितळेची भांडी आहेत.

पुस्तकं आतल्या, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेल्या भिंतीशी एका उघड्या लाकडी मांडणीवर लावली. भिंतीपासून चार बोटं अंतर, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच, आणि पुस्तकं एवढी सैल की दोघांमध्ये बोट सहज जाईल. फळीवर प्लॅस्टिक अंथरायचं नाही. पावसाळ्यात बाहेर धो-धो चालू असताना त्या खोलीच्या खिडक्या बंद, पंखा चालू, आणि हायग्रोमीटर ६५ च्या वर दोन-तीन दिवस राहिला तर पुस्तकं मोकळी करून वाऱ्यावर. सिलिका जेलच्या बारक्या पुड्या उघड्या मांडणीत काहीच करत नाहीत. त्या बंद डब्यातच उपयोगी.

तेरा पुस्तकं आत्याकडे पोचली. पहिल्या खंडातला एक अंक उघडून ती बराच वेळ जुन्या जाहिराती बघत बसली, नाकाला पदर न लावता. शब्दकोश अजून माझ्याकडेच आहे. त्याचा काटा १,८६० वर अडकला होता, तिथून आता कुठे खाली सरकू लागलाय, म्हणून परवा कोळशातून काढून पुन्हा पंख्याखाली ठेवला. मीच घाई केली होती.

"किती दिवस लागतील?" आत्याने विचारलं.

"काटा थांबेपर्यंत. मग तीन आठवडे. आणि शेवटी हुंगायला तूच ये."